पिण्याच्या विहिरीजवळची वाळू

बहात्तरचा दुष्काळ सरला, तरी येरळा नदीचं पाणी वाळूखालीच दडून होतं. जोतीराम गुरुजी वर्गात दीर्घोत्तरी प्रश्नाचं उत्तर सांगत होते: जंगल तोडलं तर पुन्हा लावावं, पाणी जिरवावं, वाळू परवान्यापुरतीच काढावी, सरकारनं नियम करावेत, नागरिकांनी ग्रामपंचायतीत हरकत घ्यावी. बाहेर नदीत खोरी वाजत होती.

"मग तुमी घेतली का, गुरुजी?" वर्गातल्या अंजनानं विचारलं. "शाळेच्या नव्या खोलीला वाळू पिण्याच्या विहिरीजवळनंच काढत्यात."

खोली गुरुजींनीच मागितली होती. ते सरपंच नानासोंकडे गेले आणि विहिरीजवळचा वाळूउपसा थांबवा म्हणाले.

"पोरं झाडाखाली बसवणार व्हय?" नानासो हसले.

"बसवतो. हरकत लिहून घ्या."

हरकत लिहिली गेली. तालुक्याहून पाहणीला माणूस येईपर्यंत उपसा चालूच राहिला. उन्हाळ्यात बायकांनी दोर वाढवला, तरी घागर कोरडीच वर आली.