नाडी एकशे चौदा, दोन्ही वेळा

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा. रक्कम शेहेचाळीस हजार रुपये. हजर चौदा सभासद, त्यात सोसायटीचा खजिनदार म्हणून मी. प्रश्न एकच होता: क्लबहाउसातल्या वाफेच्या खोलीचं यंत्र बदलायचं की खोलीला कुलूप लावायचं?

आमची सोसायटी पिंपळे गुरवमध्ये आहे. बिल्डरने जिमच्या शेजारी वाफेची खोली दिली तेव्हा ती कोण वापरणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पुढे सहा जण नेमाने जाऊ लागले. जानेवारीत यंत्रातल्या दोन हीटरपैकी एक जळाला. खोली तापायला पाऊण तास लागू लागला आणि जिमची देखभाल करणाऱ्या एजन्सीने सरळ नव्या यंत्राचा भाव दिला.

पैसे होते, पण ते व्यायामशाळा निधीत होते. आधीच्या कमिटीने त्या निधीतून क्लबहाउसात सोफा आणला होता. त्यावर इतका गदारोळ झाला की सर्वसाधारण सभेने ठराव केला: हा निधी फक्त व्यायामाच्या साधनांवर खर्च होईल. ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्यामुळे वाफ हा व्यायाम ठरला तर यंत्र येणार होतं, नाहीतर नाही.

या खोलीवर कुणाचं काही खरोखर अवलंबून असेल तर ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. इमारतीतल्या पाच-सात मुलांना संध्याकाळी पेटी शिकवतात. हाताच्या बोटांना संधिवात. साडेचारला दहा मिनिटं वाफेत बसून आल्या की बोटं मोकळी होतात आणि पाचला पेटी सुरू होते, हे सगळ्या इमारतीला पाठ होतं. हीटर जळाल्यापासून साडेचारला खोली कोमटच असायची, म्हणून पेटी बंद होती. मुलं खाली क्रिकेट खेळत होती आणि एक खिडकी फुटली होती. सभेत बाई मागच्या खुर्चीवर हात शालीत घेऊन बसल्या होत्या.

बोलला माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, चौथ्या मजल्यावर राहतो, हिंजवडीत आयटीत आहे. वय एक्कावन्न. रोज येता-जाता तीन तास कंपनीच्या कॅबमध्ये जातात. डॉक्टरांनी साखर काठावर आहे, रोज अर्धा तास भरभर चाला, असं बजावलं होतं. महिनाभर चालला. मग त्याला शोध लागला की वाफेत बसलं तरी मनगटावरचं घड्याळ व्यायामाची मिनिटं मोजतं. तेव्हापासून चालणं बंद. सभेत त्याने हात वर करून घड्याळ फिरवून दाखवलं. नाडी एकशे दहाच्या वर, घाम, पंचवीस मिनिटं व्यायाम, शिवाय वजनकाट्यावर चारशे ग्रॅम कमी. व्यायाम म्हणजे आणखी काय असतं, असा त्याचा सवाल होता. पाच जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे एखादं माप आलं की दोन गोष्टी विचारतात. मोजणारं साधन बरोबर आहे का? आणि ते जे मोजतंय तेच आपल्याला हवं आहे का? हे मी सभेत बोललो.

"दाजी, तुम्ही लग्नातसुद्धा माझ्या बहिणीची उंची मोजून घेतली होती," मेहुणा म्हणाला. हे खोटं आहे. मी फक्त दाराची उंची मोजली होती, कपाटासाठी.

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा दवाखाना आहे. त्या सभासद म्हणून हजर होत्या. भांडण थोडा वेळ ऐकून घेऊन त्यांनी सुचवलं की तपासून बघू. एकच माणूस, एकदा चालून आणि एकदा वाफेत बसून नाडी सारखीच आणायची, मग बाकीचं काय होतं ते पाहायचं. मेहुणा तयार झाला. त्याला रक्तदाबाची गोळी वगैरे काही नाही हे मॅडमनी आधी विचारून घेतलं. वाफ हा व्यायाम नाही असं ठरलं तर सगळ्या सभेला मिसळ देईन, हेही त्याने स्वतःहून जाहीर केलं. इतिवृत्तात मी ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी जमलो. शांत बसलेला असताना मेहुण्याची नाडी शहात्तर, रक्तदाब एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. घाम आणि वाफेत मनगटावरचं घड्याळ कधी कधी चुकतं, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून नाडी मी बोटांनी मोजणार होतो.

आधी चालणं. आमच्या पार्किंगला दोन मजल्यांचा चढ आहे. त्यावरून तो भरभर वर-खाली करू लागला आणि मी मनगट धरून शेजारून पळत होतो. ते मोजणं काही जमेना. शेवटी तो थांबला की लगेच मोजायची असं ठरवलं. पाचव्या फेरीला एकशे चौदा भरली. मॅडमनी लगेच रक्तदाब घेतला: वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस, खालचा ऐंशी. त्यांनी मेहुण्याला त्याच्या साहेबाचा किस्सा सांगायला लावला, जो तो प्रत्येक समारंभात सांगतो. चार शब्द, मग श्वास. चार शब्द, मग श्वास. किस्सा अर्ध्यावर राहिला. मला बावीस वर्षांत पहिल्यांदा शेवट ऐकावा लागला नाही.

मग अर्धा तास विश्रांती, पाणी, नाडी पुन्हा मूळ पदावर. तोपर्यंत खोली कशीबशी तापली होती. आम्ही दोघे टॉवेल गुंडाळून आत बसलो. मी हातात जुनं चावीचं घड्याळ घेतलं, कारण भिंतीवरचं काचेतून दिसत नव्हतं. मेहुणा पाय पसरून बसला होता. चौथ्या मिनिटाला नव्वद. आठव्याला एकशे चार. बाराव्या मिनिटाला मी दोनदा मोजली: एकशे चौदा.

"बघा दाजी," तो म्हणाला, आणि साहेबाचा किस्सा पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज बदलून, एकदाही न अडखळता सांगितला. मला तो ऐकावा लागला. दारातून बाहेर उभ्या असलेल्या सभासदांनाही ऐकू गेला, आणि ते हसले नाहीत, कारण एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की या माणसाला धाप लागलेली नाही.

विजयी वीरासारखा तो झटकन उठला, दार ढकलून बाहेर आला आणि भिंतीला टेकला. चेहरा पांढरा पडला. मॅडमनी त्याला बाकावर बसवलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवायला लावले आणि पाणी दिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, दोन मिनिटांत गेली. तेवढ्यात त्यांनी रक्तदाब घेऊन मला दाखवला. एकशे आठ-सहासष्ट. तीच नाडी, पण रक्तदाबाचा आकडा चालण्यात वर गेला होता आणि इथे खाली आला होता.

"असं का?" मागच्या बाजूने बाईंनी विचारलं. दोन्ही रविवारी मिळून हे त्यांचं पहिलं वाक्य.

मॅडमनी साधं सांगितलं. चालताना पायांचे स्नायू प्राणवायू मागतात, म्हणून हृदय जोरात रक्त पाठवतं आणि श्वास वाढतो. वाफेत स्नायू काहीच मागत नाहीत. शरीर तापतं, ती उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरंच रक्त तिकडे वळतं. रक्तवाहिन्या सैलावल्या की दाब उतरू लागतो, तो सांभाळायला हृदयाचे ठोके वाढतात. त्यात वाफेच्या खोलीत घाम वाळत नाही, मग थंडावा येणार कुठून? हृदय आणखी धावतं. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि चक्कर येते.

माझ्या डोक्यात कारखान्यातला पाण्याचा पंप आला. आमच्या शॉपमध्ये थंड पाण्याच्या सगळ्या वाहिन्या एकदम उघडल्या तर पंप जोर धरतो, मीटरचा काटा चढतो. ऑफिसात बसून मीटर बघणाऱ्याला वाटेल, उत्पादन जोरात चालू आहे. खाली जाऊन बघावं तर सुटे भाग ठोकणारा प्रेस बंद. हे मी बोलून दाखवलं.

"म्हणजे मी बंद प्रेस," मेहुणा बाकावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला.

"प्रेस चांगला आहे," त्याची बायको म्हणाली. "चालू करायचा कंटाळा आहे."

चारशे ग्रॅमचा हिशेबही तिथेच लागला. बाहेर आल्यावर वजन तेवढं कमी भरलं आणि दोन ग्लास पाणी प्यायल्यावर परत आलं. मॅडमनी एवढं मात्र बजावलं की वाफ निरुपयोगी समजू नका. नेमाने अंग शेकल्याने हृदयालाही थोडा फायदा होतो असं काही अभ्यास सांगतात. पण त्याने पाय बळकट होत नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्याची जागा ते घेत नाही.

लगेच तिथेच सभा भरली. ठरावाप्रमाणे वाफ हे व्यायामाचं साधन नाही, निधीतून खर्च नाही. मी हे लिहिलं आणि वर पाहिलं तर बाई शाल सावरून उठत होत्या. मला बरं वाटलं नाही. पण आकडे माझेच होते.

"बाई, थांबा," मेहुणा म्हणाला. चेहऱ्यावर आता रंग आला होता. "व्यायाम नाही एवढंच ठरलंय. बाईंची बोटं खोटी ठरलेली नाहीत."

बाई परत बसल्या. "मी कधी म्हटलं तो व्यायाम आहे?" त्या म्हणाल्या. "मला फक्त काळी पाच वाजवता आली पाहिजे."

मग मला सुचायला हवं होतं ते सुचलं. दोनपैकी एकच हीटर जळाला होता, तर अख्खं यंत्र कशाला बदलायचं? चिंचवडला गिझर आणि हॉटेलांचे बॉयलर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, आमच्या घराचा गिझर त्यांनीच केला होता. सोमवारी ते आले, झाकण उघडून पाहिलं आणि नवा हीटर, वायरिंग, गळकी जोडणी मिळून साडेसात हजार सांगितले. वाफेची सहा गिऱ्हाइकं, म्हणजे डोई साडेबाराशे. बाईंनी आपले सगळ्यांच्या आधी आणून दिले. मॅडमनी बाईंच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि दारावर कागद चिकटवला: दहा मिनिटं, बाहेर कुणीतरी हवं, सावकाश उठा, पाणी प्या.

गुरुवारी पाचला पेटी वाजली. मी त्या दिवशी पहिल्या शिफ्टला होतो, त्यामुळे घरी होतो. खाली क्रिकेट थांबलं.

मेहुणा आता सकाळी चालतो, पार्किंगच्या चढावरून, आणि वाफ शनिवारी घेतो. मिसळीला आम्ही चौदा जण मॅडमच्या अटीप्रमाणे पायी गेलो, जाऊन-येऊन तीन किलोमीटर. वाटेत त्याने साहेबाचा किस्सा सुरू केला. मी मुद्दाम चाल वाढवली.

व्यायामशाळा निधीतून गेलं शून्य. दुरुस्तीचे साडेसात हजार चिंचवडच्या चाचांना, सहा जणांकडून, पावती फाइलमध्ये. मिसळीचे चौदा प्लेटचे बाराशे साठ हॉटेलवाल्याला, मेहुण्याने, आणि जादा पावाचे चाळीस मी.