सत्तेचाळीस मालकांचा एक अर्ज

नऊ वर्षं मी वणीत स्वतःचाच मालक होतो आणि स्वतःचाच नोकर, आणि दोघांचं एकमेकांशी बिलकुल पटत नव्हतं. लग्नपत्रिका, कोळशाच्या ट्रकवाल्यांच्या सुरक्षेच्या पाट्या, शाळेचा वार्षिक अहवाल, खानावळीचं इन्स्टाग्राम, कृषी केंद्राची पत्रकं. जो येईल त्याचं लिहायचं, मांडायचं, छापून आणायचं. तालुक्यात भिंतीवर चिकटलेलं जे काही दिसे, त्यातलं निम्मं माझं होतं. उरलेलं निम्मं माझ्यावरून चोरलेलं होतं.

मग राळेगावच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची जाहिरात निघाली. शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं आणि प्रशिक्षणाचं साहित्य तयार करणारा माणूस हवा, पूर्ण वेळ. ती नोकरी मला हवी होती. मनापासून हवी होती. एकट्यानं काम करणाऱ्याला स्वतःची चूक हजार प्रती छापून आल्यावर दिसते, आणि तोवर ती गावाला दिसलेली असते. मला शेजारी एक टेबल हवं होतं आणि त्या टेबलावर "थांब जरा" म्हणणारं कुणीतरी.

बायोडाटासोबत पत्र जोडायचं होतं. मी अडीच पानं लिहिलं. सत्तेचाळीस ग्राहकांची यादी दिली, एकही सोडला नाही. शेवटी "कोणतेही काम करू शकतो" असं ठळक अक्षरात टाकलं आणि ताईला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. माझी थोरली बहीण यवतमाळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिथल्या भरतीचे अर्ज आधी तिच्या टेबलावर येतात. दहा मिनिटांत तिचा फोन.

"काहून रे, हा अर्ज आहे का आठवडी बाजार?"

"सगळं खरं आहे, ताई."

"खरं? 'विदर्भाचा दृश्य चेहरा बदलवला'?"

"बरं, वणीचा लिहितो."

"खानावळीचा लिही. तोही मेनू बदलला तवा." मग तिचा आवाज ऑफिसातला झाला. "अर्ज वाचणारा काय पाहते सांगू? सत्तेचाळीस मालक म्हणजे हा सत्तेचाळीसदा सोडून गेला. अन् 'कोणतेही काम करतो' म्हणजे याले कोणतंच धड येत नाही."

"सोडून कायले जाऊ? मी इथंच बसून आहो. तेच येऊन राह्यले परत परत."

"कोण परत येऊन राह्यलं?"

"मुकुटबनचे कृषी केंद्रवाले काका, दर खरिपाले. शाळा दरवर्षी. ट्रकवाले..."

"मंग तेच लिही ना येड्या! रविवारी घरी ये."

रविवारी गेलो. ताई तुरीच्या शेंगा सोलत होती आणि सोलता सोलता माझे ग्राहकही सोलत होती. चव्वेचाळीस उडाले. एकेकाच्या नावानं मी असा कळवळलो की शेजारच्या बाई विचारायला आल्या, घरात कोणाला बरं नाही का. उरले तिघं: मुकुटबनचं कृषी केंद्र, आठ खरीप; शाळा, सहा अहवाल; ट्रकवाल्यांची संघटना, पाच वर्षं. सत्तेचाळीस नोकऱ्यांच्या जागी एकच मथळा बसला: स्वतंत्र व्यवसाय, नऊ वर्षं, सलग.

"आता सांग," ताई म्हणाली, "या तिघांच्या कामात तू एकच गोष्ट कोणती करतं?"

मी भलताच खोल विचार केला. विचार करताना अर्धा किलो दाणे खाल्ले.

"घाईतला माणूस तोंडी काहीतरी सांगते," मी म्हणालो. "मी ते असं कागदावर आणतो का तिथं हजर नसलेल्या माणसाले समजलं पाहिजे. अन् ठरलेल्या दिवसाच्या आत."

"हे अडीच पानांत कुठं होतं?"

कुठंच नव्हतं. मग आम्ही उदाहरण शोधलं. औषधाच्या डब्यावर मात्रा लिटरला लिहिलेली असते. शेतकरी मात्र मोजतो फवारणीच्या पंपावर. मी दर पत्रकात लिटरला दोन मिलीचं पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली करून द्यायचो, शेजारी मापाच्या टोपणाचं चित्र काढायचो, आणि कृषी सहायकांना दाखवल्याशिवाय छापायचो नाही. पत्रात ते असं उतरलं:

"माझे ग्राहक वेगवेगळे होते, काम एकच होते: तांत्रिक माहिती वापरणाऱ्याच्या भाषेत व मापात आणणे, जाणकाराकडून तपासून घेणे आणि हंगामाआधी पोहोचवणे. मजकूर छापण्याआधी संबंधित सर्वांची लेखी संमती घेतो. आता हेच काम एका संस्थेत, सहकाऱ्यांसोबत करायचे आहे. कारण एकट्याच्या कामाला तपासणारा दुसरा डोळा नसतो."

लग्नपत्रिका ताईनं पार काढून टाकल्या. पण 'लेखी संमती'च्या त्या एका वाक्यामागे लग्नघरांतले चौदा काका उभे आहेत हे मला ठाऊक होतं. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून मांडव मोडताना मी पाहिले आहेत. सही घेतल्याशिवाय छापखान्याचं मशीन सुरू करू देत नसे. पत्र एका पानाचं झालं. माझ्या हातून एवढं कमी आणि एवढं खरं आजवर काही निघालं नव्हतं. मला ते अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं.

शेवटी ओळखीचा संदर्भ द्यायचा होता. न विचारता कोणाचा नंबर देऊ नको, असं ताईनं बजावलं, म्हणून मी मुकुटबनला फोन केला. काका म्हणाले, "दे ना बे! मी असा सांगतो का पाहातच राहशीन."

तिथंच शंका यायला हवी होती.

मुलाखतीला राळेगावला गेलो. व्यवस्थापक मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या, माझं एक पान त्यांच्या पुढ्यात.

"तुमच्या मुकुटबनच्या काकांना फोन केला होता मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माणूस एकदम बेकार. सकाळी बोलावलं तर दुपारी येतो, कोणाचं ऐकत नाही, तुमच्या तर काहीच कामाचा नाही."

राळेगावची जमीन काळी आहे, भेगाही मोठ्या पडतात. एखादी जवळ असती तर मी आत उतरलो असतो.

"मग मी विचारलं," मॅडम म्हणाल्या, "या पत्रात आठ खरीप लिहिलेत, ते खोटं आहे का? म्हणाले, नाही, खरं आहे. मी म्हटलं, मग एवढा बेकार तर आठ वर्षं त्यालाच काम का दिलं? तर ते हळूच म्हणतात, 'मॅडम, तुम्ही त्याले घेऊनच राह्यल्या का?'" त्यांनी चष्मा काढला. "इतकी चांगली शिफारस मी अजून ऐकली नाही. फक्त एक आहे. इथं आलात की बाहेरचं काम बंद. एकही नाही. त्यांचंही नाही."

"चालेल," मी म्हणालो. पुढं काहीतरी जोरदार बोलणार होतो, पण शेंगा सोलणारी ताई आठवली आणि गप्प बसलो.

रुजू व्हायला आठ दिवस होते. मुकुटबनला गेलो. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गोण्या मोजण्याचं नाटक चाललं होतं.

"काका, लागली नोकरी."

"लागली? मी तं लय वाईट सांगतलं होतं."

"म्हणून तं लागली."

"म्हणजे चांगलं सांगाले पाहिजे होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम बारीक आवाजात, "यंदाचं पत्रक कोण पाहीन रे?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मारायला थाप नव्हती. मी गल्ल्याच्या शेजारी बसलो, जिथं त्यांची सून कॉम्प्युटरवर बिलं काढते. आठही वर्षांच्या फाइली पेनड्राइव्हमधून तिच्याकडे उतरवल्या. मात्रा कुठं बदलायच्या, पंपाचा हिशेब कसा करायचा, कृषी सहायकांची सही कुठं घ्यायची, सगळं दाखवलं. दुपारपर्यंत तिनं यंदाचं पत्रक स्वतः बसवलं, आणि माझ्या टोपणाच्या चित्रापेक्षा चांगलं चित्र काढलं.

काका मागं उभे राहून सगळं बघत होते.

"हे एवढंच होतं का?" ते म्हणाले. "मंग आठ वर्षं मले कायले बनवून राह्यलता?"

सून हसली. मी नाही हसलो. नव्या नोकरीचा माणूस गंभीर दिसला पाहिजे, म्हणून छपाईची प्रत काकांपुढं सरकवली आणि सहीसाठी पेन दिला.