लांब रेघांचा गुन्हा

वडवणीला कॉलेजच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. प्रिंटर रुसला की मी त्याला चापट मारते आणि तो चालू होतो. माझा स्वभाव तापट, हे फाटकापासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रोजेक्ट टाइप करून घ्यायला पोरं माझ्याकडेच येतात, कारण माझं काम देखणं असतं.

देखणं म्हणजे काय, तर माझ्याकडे एक तयार फाईल आहे, तिला मी सांगाडा म्हणते. पोरांनी वहीत लिहून आणलेलं त्या सांगाड्यात ओतायचं. प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षणे, निष्कर्ष अशी ठळक शीर्षकं त्यात आधीच बसलेली. पोराने वाक्यात थांबून छोटी रेघ मारली असेल तर मी तिथे दोनदा डॅश दाबते, पुढचा शब्द टाइप झाला की प्रोग्राम आपणहून त्याची एक लांब रेघ करतो. अवतरणचिन्हंसुद्धा मी साधी सरळच दाबते, वळवतो तो. मी कधी पोरांना विचारलं नाही की बाई गं, तुला रेघ लांब हवी का आखूड. विचारायचं काय त्यात, असं वाटायचं.

मार्चमधली गोष्ट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी दुपारी दुकानात आली आणि तिने प्रोजेक्ट टेबलावर ठेवला. तो मीच टाइप केलेला. मुखपृष्ठावर लाल पेनाने लिहिलं होतं, ‘मशीनने लिहिलेले. अमान्य.’ आत पानोपानी लांब रेघांभोवती लाल गोल, वळलेल्या अवतरणांभोवती लाल गोल, शीर्षकांखाली लाल रेघा. मजकुरातल्या एकाही शब्दाबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

“सर म्हणतेत, मोबाईलवरच्या एआयनं लिवलंय,” ती म्हणाली. “म्या न्हाई वो लिवून घेतलं, ताई.”

तिचा विषय होता, आई-बाप ऊस तोडायला गेल्यावर गावात मागे राहिलेली मुलं. ती स्वतः त्यातलीच. चुलतीकडे राहून शिकलेली. घरी सरळ ठरलं होतं, वर्ष पास झाली तर पुढे शिकायचं, नापास झाली तर दिवाळीनंतर आईबरोबर फडात. आणि प्रोजेक्ट अमान्य म्हणजे वर्ष गेलंच.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. “सरांना काय कळतंय का? त्या रेघा माझ्या हायेत!” मी ओरडले. आणि ओरडता ओरडताच ध्यानात आलं, ते खरंच होतं. रेघा माझ्या होत्या आणि शिक्षा तिला झाली होती. मला लाज वाटली.

दुकानाचं शटर ओढून घेतलं, तिची हस्तलिखित वही घेतली, लॅपटॉप घेतला आणि तिला घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर वाईट माणूस नाहीत. यंदा निम्म्या वर्गाने मोबाईलवरून उतरवून आणलंय हे त्यांना कळत होतं आणि पकडायचं कसं ते कळत नव्हतं. तेवढ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, लांब रेघ, वळलेली अवतरणं, नीटस शीर्षकं दिसली की समजा मशीन. बुडत्याला तेवढंच पुरलं.

“सर, बसा आणि एक वाक्य टाइप करा,” मी म्हटलं. “तुमच्या मनातलं. मधे दोनदा डॅश दाबा.”

ते कुरकुरत बसले. आज फार ऊन आहे, पंखा बंद आहे, असं काहीतरी त्यांनी टाइप केलं. मधल्या दोन डॅशची लांब रेघ झाली. त्यांनी अवतरण दाबलं, ते वळलं. मी सेटिंगमधली खूण काढली आणि परत दाबायला लावलं, तर अवतरण सरळच राहिलं.

“मग आता सांगा, हे वाक्य कुणी लिहिलं?”

मी पिशवीतून त्यांचाच लेख काढला, गेल्या वर्षी परिसंवादासाठी माझ्याकडे टाइप करून घेतलेला; निघताना त्याची प्रिंट काढून आणली होती. तोच सांगाडा, त्याच रेघा.

“अहो, पण हा मी लिहिलाय!” सर म्हणाले.

“मी कुठं न्हाई म्हणते?”

ते थोडे नरमले, पण मागे हटेनात. “बरं, पण ज्यांच्यात रेघा नाहीत ते तरी स्वतःचे असतील ना?”

इथे मला जरा जड गेलं. या हंगामात एका पोराने अख्खा मजकूर मोबाईलमधून आणला होता आणि वर सांगितलं होतं, ताई, रेघा तेवढ्या काढा. मला एक मिनिट लागलं. शोधा, बदला, संपलं. तो प्रोजेक्ट पास झाला होता. मी हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी नाव विचारलं, ते मी नाही सांगितलं. रेघा काढणारा हात माझाच होता, दुसऱ्याकडे बोट दाखवायचं कोणत्या तोंडाने?

मग मी वही पुढे केली. सरांनी ती चाळली, खाडाखोड पाहिली आणि म्हणाले, “हेही मोबाईलवरून बघून लिहिता येतं.” ते बरोबरच होतं. मी पुरावा म्हणून वही नाचवत आले होते आणि तीही पुरी पडत नव्हती.

शेवटी ती मुलगीच म्हणाली, “सर, मला इचारा की.”

सरांनी विचारलं, “गावात एवढी घरं. कुठल्या घरातली मोठी माणसं तोडीला गेलीत हे तुला कसं कळलं? यादी कुणी दिली?”

“यादी कुटली आलीय, सर. सकाळी टाकीवर जाऊन बसायचे. हंडा भरायला जिथली बाई येते, ती घरं सोडली. जिथलं लेकरू येतंय, त्याच्या मागं मागं घरी गेले. एक पोरगी सात वर्षांची, तिला भरलेला हंडा उचलत न्हाई, म्हणून ती अर्धाच भरती आन् दोन खेपा करती. तिच्याच घरी सगळ्यात आदी गेलते.”

सरांनी लॅपटॉप बाजूला सारला.

“हे प्रोजेक्टमध्ये लिहायला पाहिजे होतंस,” सर हळू आवाजात म्हणाले.

“लिवलंय, सर. पान नऊ.”

सरांनी पान नऊ उघडलं. त्या पानावर त्यांचेच चार लाल गोल होते. दोन गोलांच्या मधोमध अर्ध्या हंड्याचं वाक्य होतं. ते त्यांनी सावकाश, बोट फिरवत वाचलं. मग मुखपृष्ठावरची लाल ओळ खोडली, सही केली आणि म्हणाले, “बाळा, माझं चुकलं.” बाकीच्यांनाही तोंडी प्रश्न विचारायचे असं त्यांनी तिथेच ठरवलं.

आम्ही दोघी फाटकातून बाहेर आलो. मला वाटलं आता ही रडेल, हसेल, निदान चहा तरी मागेल. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

ती दुकानाच्या पायरीशी थांबली. “ताई, एक सांगू? राग न्हाई ना येणार?”

“सांग की गं.”

“एम.ए.ला गेले की परत तुमच्याकडंच टाइप करून घीन. पण माझं लई चांगलं करू नका. जरा गचाळच ठिवा. चांगलं दिसलं की ते माझं हाय असं कुणाला वाटत न्हाई.”