गिरिधरमास्तरांचा काटकोन त्रिकोण

नवीन जालन्यात स्टेशनाकडच्या गल्लीत गिरिधरमास्तर राहत. हायस्कुलात ते गणित शिकवीत आणि गल्लीभर त्यांचा आवाज ऐकू येई. मास्तर मारकुटे नव्हते, पण वैतागलेले मात्र कायम असत. पावसाळा सुरू झाला की औरंगाबादच्या कॉलेजात इंटरला गणितात आपटलेली दोन-चार पोरं पुरवणी परीक्षेच्या तयारीला त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. मास्तर स्वतः पुण्याला शिकलेले, त्यामुळे जालन्यात व्यस्त साइन आणि व्यस्त टॅन समजावून सांगणारा दुसरा माणूस नव्हता. बारा वर्षं हे असंच चाललेलं. त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणत, "दुसऱ्यांची पोरं नापास होतात आणि रक्त आटतं आमच्या घरात."

एक्केचाळीस साली ओसरीवर एकच पोरगा आला, वडीगोद्रीचा भुजंग. अंगानं दणकट, बोलायला हळू, आणि खाली मान घालून ऐकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गणितात तो एकदा गेलेला होता. पुरवणीतही गेला तर कॉलेजातून नाव कमी होणार, वसतिगृहातली जागा जाणार आणि ओव्हरसियर व्हायचं त्याच्या मनातलं सगळं तिथंच संपणार. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मग आपली वही मास्तरांपुढं ठेवली.

वही उघडली आणि मास्तरांच्या कपाळाची शीर उठली. निजामाचं राज्य, कॉलेजातलं शिक्षण सगळं उर्दूत. त्रिकोणाला मुसल्लस, कर्णाला वतर, क्षला 'ला' आणि यला 'मा'. त्याला मास्तरांची हरकत नव्हती, गणित कुठल्याही भाषेत गणितच. हरकत होती ती पुढच्या पानाला. व्यस्त साइन, व्यस्त कोसाइन, व्यस्त टॅन, सगळ्यांची विकलनाची सूत्रं एकाखाली एक, लाल शाईच्या चौकटीत, पावकी-निमकीच्या पाढ्यांसारखी पाठ करायला लिहिलेली.

"पेपरात काय विचारलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"व्यस्त साइनचं सूत्र सिद्ध करा म्हनून व्हतं, गुरुजी."

"आणि तू काय केलंस?"

"सूत्र लिवलं बराबर."

"सिद्ध करा म्हटलं होतं ना?"

"मंग, लिवलं की."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरातून रमाबाईंनी पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला. कधी ठेवायचा हे त्यांना बारा वर्षांत कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाटी आणि त्रिकोण सुरू झाले. मास्तर सांगायचे, "य हा असा कोन आहे की ज्याचा साइन क्ष आहे. म्हणजे काय? साइन य बरोबर क्ष. व्यस्त-बिस्त सगळं गेलं. आता क्ष थोडा हलला की दोन्ही बाजू किती हलतात ते पाहा. उजवीकडं एक. डावीकडं कोसाइन य, गुणिले यचा दर. म्हणून यचा दर म्हणजे एक भागिले कोसाइन य. समजलं?"

"समजलं."

"झालं उत्तर?"

"झालं."

"नाही झालं! विचारणाऱ्यानं क्ष दिलाय, तू त्याला य परत देतोस? त्रिकोण काढ. काटकोन, एका कोपऱ्यात य. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. तेव्हा समोर क्ष, कर्ण एक. राहिलेली बाजू?"

भुजंगनं पाटीवर बोट ठेवून हिशेब केला. "एकातून क्षचा वर्ग वजा, आन् त्याचं वर्गमूळ."

"तोच कोसाइन य. कारण कर्ण एक आहे. आता भाग."

एक भागिले वर्गमूळात एक वजा क्षवर्ग. सूत्र आपसूक पाटीवर आलं तेव्हा भुजंग ते बघतच राहिला. लाल चौकटीतलं पाठ केलेलं सूत्र इथं कुठून उगवलं, असा त्याचा चेहरा झाला. मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टॅनच्या त्रिकोणातही कर्ण एक धरला आणि बरं वाटणं तिथंच संपलं.

"टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची! लगतची एक, समोर क्ष, आणि कर्ण एक अधिक क्षवर्गाचं वर्गमूळ. दर म्हणजे एक भागिले सेक यचा वर्ग, म्हणजे एक भागिले एक अधिक क्षवर्ग. कर्ण काय तुझ्या सोयीनं एक असतो?"

तीन आठवडे असे गेले. मास्तर ओरडत, भुजंग खोडी आणि पुन्हा काढी. पण एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली आणि त्यानंही ते वैतागलेच. पोरगा प्रत्येक सूत्र आकडे घालून ताडून बघे. क्षला तीन पंचमांश घेई, सूत्रानं पाच चतुर्थांश आलं की कोष्टकाचं पुस्तक काढी, शेजारच्या दोन आकड्यांचे कोन बघी, वजाबाकी करी, भागाकार करी, आणि जुळलं की मगच पुढं जाई. त्याचा मामा गवंडी होता. भिंत ओळंब्यानं बघितल्याशिवाय तो वरचा थर चढवत नसे, आणि भाच्यानं तेच उचललं होतं.

"परीक्षेत वेळ पुरणार नाही तुला," मास्तर म्हणत.

"जल्दी करून राह्यलो, गुरुजी."

शेवटच्या दिवशी राहिला व्यस्त सेक. मास्तरांनी आपली पुण्याची वही काढली. कोन शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंतचा घ्यायचा, सेक य बरोबर क्ष. दोन्ही बाजूंचं विकलन केलं की सेक य, गुणिले टॅन य, गुणिले दर, बरोबर एक. त्रिकोणात कर्ण क्ष, लगतची बाजू एक, समोरची क्षवर्ग वजा एकचं वर्गमूळ, तेवढाच टॅन. म्हणून दर म्हणजे एक भागिले, क्ष आणि ते वर्गमूळ यांचा गुणाकार. वहीत तसंच होतं आणि बारा वर्षं तसंच शिकवलं होतं.

भुजंगनं आकडे घातले. पाच चतुर्थांशाला जुळलं. मग तो बराच वेळ कोष्टकात खाली बघत राहिला. "गुरुजी, क्ष ऋण असला तर जुळत न्हाई. सूत्र वजा देतंय, आन् कोन तर वाढून राह्यला."

बाहेर पाऊस आलेला, दुसऱ्या दिवशी पोराची गाडी, आणि ह्याचं अजून ताडून बघणं संपत नाही. मास्तरांचा पारा चढला. "त्रिकोणाची बाजू ऋण असते का रे? क्ष कर्ण आहे. वजा पाच हात लांब दोरी पाहिलीस कधी? वहीत आहे ते लिही आणि उठ."

भुजंगनं पाटीवरचं आपलं खोडलं, वहीतलं लिहिलं, नमस्कार केला आणि उठला.

तो औरंगाबादला गेल्यावर मास्तर दुपारी कोष्टक घेऊन बसले. पोरगा हट्टानं चुकला कुठं हे स्वतःला दाखवून द्यावं, एवढाच हेतू. क्ष वजा एक पूर्णांक सव्वीस शतांश असताना कोन साधारण एकशे साडेबेचाळीस अंश. वजा सव्वाला एकशे त्रेचाळीस अंश आणि वर थोडा. क्ष वाढला, कोनही वाढला. दर धनच हवा, आणि आपलं सूत्र ऋण सांगतंय. त्यांनी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं.

मग उजेड पडला. नव्वदाच्या पुढच्या कोनात सेक ऋण असतो आणि टॅनही ऋण असतो. दोघांचा गुणाकार धन. त्रिकोणानं वर्गमूळ दिलं ते टॅनची नुसती लांबी. चिन्ह त्रिकोण देतच नाही, ते कोन कुठं आहे ते बघून आपण लावायचं. छेदात नुसता क्ष नको, क्षचं चिन्ह सोडून उरलेलं मूल्य हवं. बारा वर्षं त्रिकोणाच्या जिवावर ओरडलो आणि त्रिकोणाला काय सांगता येत नाही तेवढंच बघायचं राहिलं. मास्तरांनी वही जमिनीवर आपटली. रमाबाई तांब्या घेऊन आल्या तर म्हणाले, "आज पोरगा नाही, मीच आहे."

दुसऱ्याच दिवशी पेपर होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते निघाले. डब्यात उभं राहून त्यांनी स्वतःला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. करमाडला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली तेव्हा ती थांबल्याबद्दलही ते स्वतःलाच बोलले. कॉलेजच्या फाटकाशी पोचले तेव्हा घंटेला जेमतेम दहा मिनिटं होती आणि लिंबाच्या झाडाखाली भुजंग एकटाच उकिडवा बसला होता.

"गुरुजी, तुम्ही?" तो गडबडीनं उठला.

"तुझं बरोबर होतं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "सेकचं. ऋण क्षला." काडी घेऊन मातीत त्यांनी कोन काढला, सेक ऋण, टॅन ऋण, गुणाकार धन, सगळं सांगितलं. भुजंग शांतपणे ऐकत होता.

"हे असंच असंल म्हनून मलाबी वाटलं व्हतं," तो म्हणाला. "वसतिगृहात आल्यावर करून बघितलं. टॅनचं चिन्ह राह्यलं व्हतं."

मास्तरांच्या जिवात जीव आला. "चला, म्हणजे तू बरोबर लिहिणार होतास. मी उगाच धावलो."

भुजंग खाली बघून म्हणाला, "न्हाई. तुम्ही शिकवलं तेच लिवनार व्हतो."

"का?"

"तुम्ही शिकवलेलं खोडून पेपरात दुसरं लिवायचं, ते बरं दिसतंय का, गुरुजी?"

ओरडायची सवय असलेल्या माणसाला ओरडायला काही उरलं नाही की कसं होतं, तसं मास्तरांचं झालं. नापास झाला असता. मुकाट्यानं, मान खाली घालून, माझी चूक माझ्या मानासाठी लिहून गावी गेला असता, आणि मी पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पोरावर ओरडत बसलो असतो.

"भुजंग, तुझ्या आधी बारा वर्षांत..." एवढं बोलून ते थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढं एकेक पोरगा आला. पाटीवरचं काही खोडून निमूट उठलेले कोण कोण होते, ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

घंटा झाली. भुजंग पाया पडायला वाकला तसा मास्तरांनी त्याला दंडाला धरून उभा केला.

"माझं चुकलेलं पेपरात लिहिलंस तर माझ्या ओसरीवर पाय ठेवू नको," ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.