मिरचीच्या ढिगात तीन सेन्सर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय तीनदा नाकारला गेला, की विभाग देईल तो विषय मुकाट्याने घ्यायचा, असा आमच्या कॉलेजात नियम. आणि विभाग काय देणार, तर काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी. ती गाडी आमच्या आधी किती बॅचनी चालवली असेल देव जाणे. मला त्या गाडीचा मनापासून राग होता. आमचा विषय दोनदा नाकारला गेला होता आणि तिसरी वेळ बारा दिवसांवर होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी तापीकाठच्या गुजर घरातली, तोंडाने फटकळ. ती तोरणमाळकडची, घरी पावरी बोलणारी, वर्गात गरजेपुरतंच बोलणारी. जोडी आमच्या मार्गदर्शक सरांनी लावली होती. सुरुवातीला मला वाटलं, हिला सगळं मलाच सांगावं लागणार. कसलं काय!

पहिला विषय मी निवडला होता, ठिबक सिंचनाचा. "हे दरवर्षी येतं," म्हणून मॅडमनी दोन मिनिटांत परत पाठवलं. आमच्या मॅडम म्हणजे विभागप्रमुख. दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. मिरची वाळवण्यावरचे संशोधनाचे पेपर उघडायचे, थेट शेवटच्या परिच्छेदावर जायचं, तिथे 'पुढे हे करता येईल' असं जे लिहिलेलं असतं तीच आपली पोकळी, म्हणजे अजून कोणी न केलेलं काम, म्हणून उचलायची. वीस पेपर एका दुपारी संपवले. एका पेपरात लिहिलं होतं, की सौर ड्रायरमधली हवा ओलाव्यानुसार आपोआप कमी-जास्त करायला हवी. झालं, ठरलं! मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या पेपरचा आधार घेऊन नंतर कोणी कोणी काय लिहिलं, त्याची यादी समोर होती. मी जे करणार होते ते दोघांनी केव्हाच करून टाकलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्याने सोडलेलं काम तुमच्यासाठी थांबून राहत नाही." मला इतकं ओशाळं वाटलं, की बाहेर येऊन मी मैत्रिणीवरच खेकसले. तिने फक्त वही काढली.

त्या वहीत एक तक्ता होता. मी शेवटचे परिच्छेद वाचत होते, तेव्हा ही बाई प्रत्येक पेपरातला 'पद्धत' हा मधला कंटाळवाणा भाग वाचत बसली होती. मिरची किती घेतली, कशावर पसरली, ओलावा कसा मोजला, थर किती जाड. शिवाय मी फक्त एकाच नावाने शोधलं होतं, तिने मिरचीच्या शास्त्रीय नावाने आणि परदेशात म्हणतात त्या नावांनीही शोधलं होतं. थराच्या रकान्यावर तिने बोट ठेवलं. वरपासून खालपर्यंत तेच: ट्रेमध्ये, एक थर. एक थर. फार तर दोन.

"नंदुरबारच्या पथारीवर संध्याकाळी काय करतात?" तिने विचारलं.

मी लहानपणापासून पाहत आलेय. मिरची दिवसभर पथारीवर, म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या मैदानावर, पसरतात. ऊन उतरलं की ओढून कमरेएवढा ढीग करतात आणि दव लागू नये म्हणून ताडपत्री टाकतात. त्या ढिगाच्या आत काय होतं, हे आम्ही वाचलेल्या एकाही पेपरात नव्हतं. धान्याच्या कोठारावर होतं, दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता पाहून ओलावा ओळखण्याचं. मिरचीच्या ढिगावर काहीच नाही. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये तिला मिठी मारली. तिला ते अजिबात आवडलं नाही.

मग माझी गाडी सुटली. मिरची उलटणारा रोबोट, रंग ओळखणारा कॅमेरा, मोबाइलवर अॅप, सौर पॅनल. मार्गदर्शक सरांनी कागद घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे जमलं नाही तर काय उरतं? रोबोट नाही जमला तर काही उरत नाही, काट. अॅप नाही जमलं तरी सगळं उरतं, म्हणजे त्याची गरजच नाही, काट. शेवटी एक प्लास्टिकचा पाइप, त्यात तीन खोलींवर आर्द्रता आणि तापमानाचे तीन सेन्सर, एक छोटा बोर्ड, आणि प्रत्येक खोलीसाठी एक हिरवा, एक लाल दिवा. ओलावा टक्क्यांत सांगायचाच नाही. 'झालं' किंवा 'अजून नाही', एवढंच. मला रडू यायचं बाकी होतं. सर म्हणाले, दोघी आहात, चौदा आठवडे आहेत, एवढं नीट करा.

पण सेन्सर किती खोल लावायचे? ते पेपर सांगेना, म्हणून पथारीवर गेलो. तिथल्या मुकादम मावशी मिरची कानाशी हलवून, बी वाजतं का ते ऐकत होत्या. आम्ही विचारलं तर त्यांनी ढिगात हात घातला, कोपरापर्यंत.

"मन्हा हात आठलगूनच जास," त्या म्हणाल्या. "पुढे काय चाली ऱ्हायनं, ते माले बी ठाऊक नही."

मैत्रिणीने तिथेच टेप लावून मावशींचा हात मोजला. पहिला सेन्सर कोपराच्या खोलीवर, म्हणजे तो खरं बोलतो का ते मावशी तपासतील. बाकी दोन त्याच्या पुढे.

तिसऱ्या वेळी मॅडमसमोर मी तोंड बंद ठेवलं आणि मैत्रिणीला बोलू दिलं. तिने तक्ता दाखवला, शोधलेली सगळी नावं दाखवली, मग मावशींच्या हाताचं माप. मॅडमनी लॅपटॉपवर स्वतः शोधून पाहिलं. ती पाच मिनिटं मी नखं खात होते. मग त्यांनी फॉर्मवर सही केली. काळ्या पट्टीची गाडी गेली खड्ड्यात!

पुढचं काम चिकाटीचं होतं. बंद डब्यात ओलं मीठ ठेवलं, की आतली हवा पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. त्यावर तिन्ही सेन्सर ताडून घेतले. एक खोटं बोलत होता, तो बदलला. मिरचीची धूळ आत जाऊ नये म्हणून पाइपच्या भोकांवर मलमल बांधली. शिंकांनी आमचे हाल झाले.

पहिल्या खऱ्या चाचणीला मावशींचा एक ढीग पोत्यात भरायला तयार होता. आम्ही पाइप खुपसला आणि थांबलो. वरचा दिवा हिरवा. मावशींनी हात घालून मान हलवली, बरोबर. मधला लाल. खालचाही लाल. मावशी हसल्या, तुमचं यंत्र बिघडलं म्हणाल्या. मैत्रीण मात्र वाकली आणि दोन्ही हातांनी ढीग फोडू लागली. मावशीही बसल्या. मध्यभागी पोचल्यावर त्यांनी मूठभर मिरची काढली. कोमट होती, मऊ होती, आणि हलवल्यावर वाजत नव्हती.

मावशींनी पोती बाजूला ठेवायला सांगितली आणि तो सगळा ढीग पुन्हा उन्हात पसरला. आम्ही पाइप पुसून पिशवीत घालू लागलो, तेव्हा त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि शेजारच्या ढिगात खुपसला.

"हाऊ दांडका आठेच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

कॉलेजात दाखवायचाय, असं मी सांगितलं. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "कॉलेजसाठी दुसरा करू गं."