पहाटेच्या रीस्टार्टआड लपलेली गळती

मंगळवार, दुपार. नेपियर टाउनमधलं आमचं ऑफिस. हजर: मी, मालक, आणि ज्याचा कोड मला तपासायचा होता तो सहकारी. त्याचं प्रोबेशन संपत आलं होतं. त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्याचा कोड मुख्य कोडात घ्यायची विनंती, त्याच दिवशी मंजूर झाली तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार, असं मालकांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

काम एका रुग्णालयाचं: पेशंटचा नंबर टाकायचा, रिपोर्ट छापायचा. कोड वाचताना मी एकच गोष्ट आधी बघते. जे उघडलं ते प्रत्येक वाटेनं बंद होतं का? त्यानं डेटाबेसचं कनेक्शन सुरुवातीला घेतलं होतं आणि शेवटी परत केलं होतं. पण नंबर सापडला नाही तर फंक्शन मधूनच बाहेर पडत होतं, कनेक्शन हातात धरूनच. छपाईत एरर आली की रिपोर्टची फाइलही उघडीच. शिवाय स्क्रीन उघडली की सूचना ऐकणारा एक लिसनर जोडला जाई, आणि बंद केल्यावर कोणी काढत नसे. पाच वेळा उघडा, एकच सूचना पाच वेळा.

"काहून अडवून राहिल्या दीदी? इतके दिवस टेस्ट सर्व्हरवर मस्त चालून राहिलं," तो म्हणाला.

"टेस्ट सर्व्हर रोज पहाटे रीस्टार्ट होतो."

आमच्याकडे सगळेच सर्व्हर पहाटे रीस्टार्ट होतात. कधी कोणी लावून दिलं, कोणी विचारत नाही. अडकलेली कनेक्शन रोज सुटतात आणि कोड चांगला दिसतो. या रुग्णालयाचा अपघात विभाग मात्र रात्रभर चालतो. रीस्टार्ट बंद ठेवा, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

मी टेस्टमध्ये एका वेळी मिळणाऱ्या कनेक्शनची मर्यादा दोनवर आणली. दोन चुकीचे नंबर टाकले. तिसरा बरोबर नंबर त्यालाच टाकायला लावला. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं, रिपोर्ट येईना.

मालक मागे उभे होते. "अच्छा, म्हणजे कोड आज रुग्णालयाला जात नाही?"

"नाही."

"सर, शाम तक कर दूँगा," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्यानं कनेक्शन आणि फाइल दोन्ही फायनली ब्लॉकमध्ये नेऊन बंद केली. एरर येवो न येवो, ती वाट चुकत नाही. काम नीट होतं, मी तसं मालकांना लिहिलंही. लिसनर राहिला, म्हणून मंजुरी मात्र दिली नाही. शुक्रवारी मालकांनी त्याला आत बोलावलं. बाहेर येऊन त्यानं हेल्मेट उचललं. "चलो दीदी. तुमचं बरोबर होतं," म्हणाला, आणि महाराजपुरला घरी गेला.

पुल रिक्वेस्ट आता माझ्या नावावर आहे. लिसनर अजून काढायचा आहे.