शिवीच्या पुढची ओळ

कॉलेज रोडला एका स्वीट मार्टच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन हजार आठ-नऊचा काळ. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय आमच्याकडे एक्सेलच्या शीटमध्ये यायचे, एका वेळी पाचशे ओळी, बहुतेक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. आम्ही त्याचं इंग्रजी करायचं, उणे दोन ते अधिक दोन असा भावनेचा आकडा द्यायचा आणि टोमणा, शिवी, धोका या तीन रकान्यांत लागेल तिथे खूण करायची. धोका म्हणजे वस्तूमुळे कोणाला इजा झाली किंवा होऊ शकते; ती खूण असलेली ओळ त्याच दिवशी वस्तू बनवणाऱ्या कंपनीकडे जायची. बाकीच्यांचा महिनाअखेर रंगीत तक्ता व्हायचा.

शिवीचा नियम साधा होता. ती गाळायची नाही आणि शब्दशः उतरवायचीही नाही, तेवढ्याच जोराचा इंग्रजी शब्द शोधायचा. शिवी म्हणजे राग, असंही नसायचं. ‘साला काय भारी मोबाइल आहे’ याला शिवीची खूण आणि अधिक दोन. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन आंघोळ करायचे. चौथ्या महिन्यात शिव्या वाचता वाचता डबा खायला लागले. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं, पण शिवी आली की ते चष्मा काढून पुसायचे. त्यांच्या ओळी तपासायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर मूळ वाक्य आणि इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं असतं. मी नुसतं इंग्रजी बघायचे. ते बिनचूक असायचं, मग मी पास करायचे.

एका कुकरच्या कंपनीचं काम चालू होतं. एक दिवस सरांनी मला त्यांच्या स्क्रीनकडे बोलावलं. पिंपळगाव बसवंतच्या एका बाईने लिहिलं होतं, ‘खूप आभार साहेब. पोरीची दोन बोटं वाकडीच राहिली, पण तुमचा कुकर अजून नव्यासारखा चकाकतोय.’ सर म्हणाले, टोमणा आहे, पण किती सभ्य लिहिलंय बघ. ओळीपुढचं तिचं नाव मला ओळखीचं वाटलं. मागच्या महिन्याच्या फायलीत शोधलं तर सापडलं.

‘भाड्यांनो, तुमच्या आयला, फोन तर उचला. झाकण उडालं, पोरीचा हात भाजला. दुसरा बी कुकर तुमचाच हाय घरात, वापरू का नको ते तरी सांगा.’

शेजारी सरांचं इंग्रजी होतं, ग्राहक कंपनीच्या सेवेबाबत असमाधानी आहे. उणे एक. धोक्याचा रकाना रिकामा. त्याखाली तपासल्याची माझी सही.

सरांनी चष्मा घातला आणि ती ओळ पहिल्यापासून मोठ्याने वाचली, वर्गात धडा वाचतात तशी, शिव्यांसकट. बाकीच्या टेबलांवरचे हात थांबले.

“मी शिवीच्या पुढे वाचलंच नव्हतं गं,” ते म्हणाले.

“मी शिवीसुद्धा वाचली नव्हती, सर.”

धोक्याची ओळ हुकवली की माणूस कामावरून जायचा. जुनी फाइल कंपनीकडे पोचलेली होती, ती उघडून बघणारं आता कोणी नव्हतं. गप्प राहिलं तर खपून जाईल, हा माझा विचार सरांनी ओळखला असावा. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “दुरुस्त कर. त्या घरात दुसरा कुकर आहे.” मी दोन्ही ओळींना उणे दोन दिलं, धोक्याची खूण केली आणि दुरुस्तीसाठीच्या ‘चूक कोणाची’ या रकान्यात दोघांची नावं लिहिली. सोमवारी सर आले नाहीत. मला ठेवलं, कारण शीट संपवायला कोणीतरी हवं होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, फक्त शेजारची खुर्ची रिकामी दिसायची.

दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर मराठीत करायला माझ्याकडेच आलं. बाईला फोन गेला का, याचा त्यात उल्लेख नव्हता. आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपले समाधान हेच आमचे ध्येय. मी ते नीट, शुद्ध मराठीत लिहून दिलं.

पुढच्या शीटमध्ये त्या उत्तराखाली तिचं उत्तर होतं. एकच शिवी, पुढे काही नाही. तरी मी शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा वाचलं. कंपनीचं उत्तर माझ्या मराठीत होतं, म्हणजे शिवीही मलाच होती. मी तेवढ्याच जोराचा इंग्रजी शब्द शोधला, उणे दोन लिहिलं, शिवीची खूण केली. दुसऱ्या कुकरचं काय झालं ते तिने लिहिलं नव्हतं; धोक्याच्या रकान्यात काय भरायचं ते मला ठरवता येईना, म्हणून तो तसाच सोडून मी पुढची ओळ घेतली.